फोटोतल्या आलेखाचा खांब नेमका कुठून सुरू होतो, ते कसं शोधायचं?

प्रश्न: आमचं गाव दारव्हा तालुक्यात. कास्तकारांच्या ग्रुपवर एका कृषी केंद्रातल्या फ्लेक्सचा फोटो फिरतोय, सोबत पाठवला आहे. त्यात सोयाबीनच्या दोन वाणांचे खांब आहेत. नेहमीचं वाण एकरी ७.६ क्विंटल, नवं वाण ८.१. पण नव्याचा खांब जुन्याच्या जवळजवळ तिप्पट दिसतो. डावीकडची आकड्यांची पट्टी फोटोत आलीच नाही, आणि फोटो बाजूला उभं राहून काढलेला आहे. हा दोष फोटोचा की आलेखाचा? झडतीत, म्हणजे एकरी उत्पादनात, खरंच एवढा फरक आहे का? ग्रुपवर बरेच जण बॅगा घ्यायला निघाले आहेत.

उत्तर:

भाऊ, दोष आलेखाचाच आहे. फोटो तिरपा आहे म्हणून त्यात थोडी भर पडली, पण ती किरकोळ. मुळात या फ्लेक्सवरचे खांब शून्यापासून निघतच नाहीत, ७.३ क्विंटलच्या आसपास कुठेतरी सुरू होतात. पट्टी फोटोत नसतानाही हे सांगता येतं, आणि तुम्ही घरी बसून ते स्वतः तपासू शकता. पीक प्रात्यक्षिकांच्या नोंदी आणि त्यांचे तक्ते, आलेख तयार करणं हेच माझं काम आहे, त्यामुळे असे फोटो माझ्याकडे नेहमी येतात. तुमचाच फोटो धरून सगळं सांगते.

खांबाच्या आलेखात डोळा आकडा वाचत नाही, लांबी वाचतो. एक खांब दुसऱ्याच्या दुप्पट दिसला की मन लगेच ‘दुप्पट’ म्हणतं, वर लिहिलेला आकडा नंतर बघतं, किंवा बघतच नाही. म्हणून खांबाची लांबी आणि आकडा एकाच प्रमाणात असायला हवेत, आणि त्यासाठी खांबाचा पाया शून्यावरच हवा. पाया वर सरकवला की दोन्ही खांबांतून सारखाच तुकडा कापला जातो. फरक तेवढाच राहतो, पण ज्याच्याशी त्याची तुलना करायची ती उरलेली लांबी कमी होते. पुरुषभर वाढलेल्या तुरीच्या पलीकडे दोन माणसं उभी असली आणि एकाचा नुसता माथा, दुसऱ्याचं कपाळापर्यंत डोकं दिसलं, तर त्यांच्या उंचीत दोन-तीन बोटांचाच फरक आहे हे आपल्याला कळतं, कारण खालचं अंग तुरीत आहे हे ठाऊक असतं. फ्लेक्सवर मात्र खालचा भाग लपवलाय हे सांगणारं काहीच नसतं. तुमच्या फोटोत तर ते सांगू शकणारी एकमेव गोष्ट, म्हणजे डावीकडची पट्टी, तीच कापली गेली आहे.

आता मोजणी. फोटो मोबाइलच्या पडद्यावर पूर्ण उघडा. चॅटमध्ये उभा फोटो वरून-खालून कापून दिसतो, त्यावर मोजू नका. शाळेची साधी मोजपट्टी पडद्यावर ठेवून मी दोन्ही खांब पायापासून माथ्यापर्यंत मोजले. डावा, म्हणजे नेहमीच्या वाणाचा, २३ मिलिमीटर भरला. उजवा, नव्याचा, ६६ मिलिमीटर. म्हणजे पावणेतीन पटीहून थोडा जास्तच. तुम्हाला ‘जवळजवळ तिप्पट’ दिसला तो असा.

पण फोटो काढणारा उजव्या बाजूला उभा होता. कॅमेऱ्याला जवळची बाजू मोठी दिसते, लांबची लहान. हे किती झालंय ते फ्लेक्सची चौकटच सांगते. डाव्या खांबाच्या सरळ रेषेत चौकटीच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत मोजलं तर ९० मिलिमीटर येतात, उजव्या खांबाच्या रेषेत ९६. प्रत्यक्षात फ्लेक्स दोन्ही ठिकाणी सारख्याच उंचीचा आहे, तेव्हा उजवीकडचं सगळं ९० ला ९६ या प्रमाणात फुगलेलं आहे. उजव्या खांबाच्या ६६ ला ९० नं गुणून ९६ नं भागलं की ६२ मिलिमीटर येतात. तिरपेपणानं केलेली चूक एवढीच, चार मिलिमीटर. दुरुस्ती करूनही खांब २३ आणि ६२ चे राहतात, म्हणजे नवा जुन्याच्या २.७ पट. फोटो कितीही सरळ काढला असता तरी आलेख असाच दिसला असता.

आता पाया कुठे आहे ते काढू. दोन्ही खांबांवर आकडे छापलेले आहेत, हे आपलं नशीब. खांबांच्या उंचीत फरक ३९ मिलिमीटरचा, आकड्यांत फरक अर्ध्या क्विंटलचा. म्हणजे या आलेखात एक क्विंटल ७८ मिलिमीटरनं दाखवला आहे. मग २३ मिलिमीटरच्या डाव्या खांबात किती क्विंटल मावले? २३ भागिले ७८, म्हणजे ०.२९ च्या आसपास. खांबाच्या माथ्यावर ७.६ लिहिलंय, त्यातून ०.२९ वजा केले की पायाशी ७.३ येतात. शून्य तिथून कितीतरी खाली आहे. याच मापानं ७.३ क्विंटल दाखवायचे तर पायाखाली अजून ५७० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांच्या जवळपास खांब लागेल. तो भाग फ्लेक्सवर नाही.

मोजपट्टीनं मोजताना एक-दीड मिलिमीटरची चूक होतेच, आणि ती झाली तर हिशोब कितपत ढळतो असं कुणी विचारेल. डावा खांब २३ ऐवजी २२ धरला तर पाया ७.३२ वर येतो, २४ धरला तर ७.२८ वर. तिरपेपणाची दुरुस्ती न करता सरळ ६६ धरले तरी ७.३३ येतो. कसंही मोजलं तरी शून्याच्या जवळपास जात नाही. पण उलट प्रसंगी जपावं लागतं. आलेख प्रामाणिक असेल आणि खांब ५८ व ६२ मिलिमीटरचे असतील, तर दोघांतला फरकच चार मिलिमीटरचा, आणि त्यात एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला की काढलेला पाया कधी उणे दोनवर जातो, कधी पावणेदोनवर. असं दिसलं तर ‘पाया पावणेदोनवर आहे, फसवणूक आहे’ असं म्हणून भांडायला जाऊ नका. खांब जवळजवळ सारखे दिसत असतील तर फुगवटा नाहीच, मोजायची गरजही नाही. ही रीत खांबांच्या उंचीत मोठा फरक दिसतो तिथेच चांगली चालते, आणि तिची गरजही तिथेच असते.

५८ आणि ६२ हे आकडे मी सहज घेतलेले नाहीत. तुमच्या फ्लेक्सवरचे खांब शून्यापासून काढले आणि नव्याची उंची ६२ च ठेवली, तर नेहमीच्या वाणाचा खांब ५८ मिलिमीटरचा होतो. कागदावर असे दोन खांब काढून फोटोशेजारी ठेवा आणि ग्रुपवर टाका. त्याहून जास्त समजावून सांगावं लागणार नाही. खरी वाढ ७.६ वर अर्धा क्विंटल, म्हणजे साडेसहा टक्के. डोळ्याला दिसणारी वाढ २३ वर ३९, म्हणजे १७० टक्के. दिसण्यात आणि असण्यात सुमारे २६ पटींचा फरक आहे.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण फोटोच्या बाबतीत ती हमखास चुकते. कधीकधी आलेख शून्यापासूनच काढलेला असतो आणि खालचा भाग फोटो काढणाऱ्याकडून कापला जातो. फ्लेक्सची खालची कड बांबूला गुंडाळलेली असते, समोर पोत्यांची थप्पी असते, किंवा कुणी फोटो पुढे पाठवताना कापून छोटा करतो. अशा फोटोत खांबांचे फक्त वरचे शेंडे दिसतात, आणि वरची रीत लावली तर पाया शून्यावर नाही असंच उत्तर येतं. पण तो दोष फोटोचा, फ्लेक्स छापणाऱ्याचा नाही. ओळखायचं कसं? खांबांच्या तळाशी आडवी रेघ दिसते का आणि तिच्याखाली खांबांची नावं आहेत का, ते बघा. तुमच्या फोटोत दोन्ही खांबांखाली ‘नेहमीचे वाण’, ‘नवीन वाण’ असं स्वच्छ वाचता येतं. तेव्हा आलेख खाली तिथेच संपतो, फोटोनं काही खाल्लेलं नाही. नावं दिसली नसती तर मी एवढ्या ठामपणे बोलले नसते, आधी दुकानात जाऊन फ्लेक्स बघून यायला सांगितलं असतं.

फोटो बाजूनं नाही तर खालून वर बघत काढलेला असेल, म्हणजे फ्लेक्स शटरच्या वर टांगलेला असेल, तर चौकटीवरून केलेली दुरुस्ती पुरेशी पडत नाही. तेव्हा फ्लेक्सचा वरचा भाग लांब असतो आणि आक्रसतो, त्यामुळे उंच खांब असायला हवा त्याहून बुटका दिसतो. म्हणजे अशा फोटोत फुगवटा जेवढा दिसतो त्याहून खरा थोडा जास्त असतो. फ्लेक्सची वरची आडवी कड खालच्या कडेपेक्षा आखूड दिसत असेल तर हे झालंय असं समजा. चारही कोपरे फोटोत असतील तर मोबाइलच्या कागद स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपमध्ये ते कोपरे पकडून चित्र सरळ करून घेता येतं, आणि मग मोजावं. सरळ करताना चित्र थोडं उभट किंवा चपटं झालं तरी घाबरू नका. सगळं चित्र सारखं ताणलं तर दोन्ही खांब सारखेच ताणले जातात, त्यांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही.

आकडेही नाहीत आणि पट्टीही नाही, नुसते खांब आहेत, असा फोटो आला तर काहीच मोजता येत नाही. त्या फोटोवरून बरं किंवा वाईट कुठलंच मत करू नये.

हे मुद्दाम केलंय का, असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण ग्रुपवर तो निघेलच. कदाचित केलं असेल, कदाचित नसेल. आकडे एकमेकांच्या जवळ असले की Excel अक्षाची सुरुवात आपणहून शून्याच्या वर नेतं. खांबांच्या आलेखातही नेतं. फ्लेक्स बनवणाऱ्या पोरानं आकडे भरले, आलेख आला, तो तसाच छापला, असं होऊ शकतं. Excel मध्ये अक्षावर दोनदा क्लिक करून Minimum च्या चौकटीत 0 टाकलं की काम होतं. हेतू काहीही असो, बॅगेचे पैसे देणाऱ्यावर परिणाम तोच होतो. म्हणून दुकानदारावर आरोप करण्यापेक्षा शून्यापासूनचा आलेख लावा असं त्याला सांगणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, झडतीत खरंच फरक आहे का. आलेख फुगवलेला आहे म्हणून फरक खोटा ठरत नाही, आणि फरक छोटा आहे म्हणून तो बिनकामाचाही ठरत नाही. अर्धा क्विंटल सोयाबीन म्हणजे २०२५-२६ च्या हमीभावानं, ५३२८ रुपये क्विंटलच्या हिशोबानं, एकरी २६६४ रुपये. मळणी-हमालीचा थोडा खर्च जाऊनही ही रक्कम कोरडवाहू कास्तकाराला लहान नाही. एकरी ३० किलोच्या बॅगेसाठी नेहमीपेक्षा किती जास्त मोजावे लागतात, ते यातून वजा करून बघा. घरचं बियाणं वापरत असाल तर त्याची जी किंमत बाजारात आली असती ती धरून बघा. हा व्यवहार खांब बघून होत नाही, रुपयांत होतो.

पण त्याआधी तो अर्धा क्विंटल टिकतो का ते बघायला हवं, आणि तिथेच हा फुगवलेला खांब सगळ्यात जास्त नुकसान करतो. तिप्पट दिसणाऱ्या फरकाबद्दल कुणी शंका विचारत नाही. साडेसहा टक्क्यांच्या फरकाबद्दल मात्र कुठलाही जाणता कास्तकार विचारेल की बाप्पा, एवढा फरक तर माझ्या एकाच वावरात धुऱ्याकडच्या आणि मधल्या पट्ट्यात पडतो. आणि ते खरंच आहे. एक वावर भारी काळं, दुसरं मुरमाड. एकात पेरणीनंतर लगेच पाऊस, दुसऱ्यात आठ दिवसांची उघडीप. एकात पिवळा मोझॅक आलेला, दुसऱ्यात नाही. अशा दोन वावरांत एकच वाण पेरलं तरी एकरी अर्ध्या क्विंटलहून जास्त अंतर पडतं. मग फ्लेक्सवरचे आकडे किती वावरांचे आहेत, हे कळल्याशिवाय त्या अर्ध्या क्विंटलचं श्रेय वाणाला देता येत नाही. एकेका वावराचा आकडा असेल तर तो फरक वाणाचा की जमिनीचा, हे कुणीच सांगू शकत नाही.

ओलाव्याचंही बघा. समजा नव्या वाणाचं सोयाबीन मळणी झाल्या झाल्या तोललं आणि त्यात १६ टक्के ओलावा होता, आणि नेहमीचं वाळवून १२ टक्क्यांवर तोललं. ८.१ क्विंटलमधला १६ टक्के ओलावा काढला तर कोरडा माल ६.८ क्विंटल. तोच १२ टक्क्यांच्या ओलाव्यावर आणला तर वजन भरतं ७.७३ क्विंटल. म्हणजे ८.१ आणि ७.६ मधला अर्धा क्विंटल ७.७३ आणि ७.६ मधल्या तेरा किलोंवर येतो. एवढ्यासाठी कुणी जास्तीची बॅग घेणार नाही. या फ्लेक्सच्या बाबतीत असंच झालंय असं मी म्हणत नाही. पण फरक साडेसहा टक्क्यांचा असतो तेव्हा नुसत्या ओलाव्यानंही तो पुसला जाऊ शकतो, म्हणून हे विचारावंच लागतं.

ग्रुपवर कुणी असंही म्हणेल की सगळेच आलेख शून्यापासून काढले तर बारीक फरक कधी दिसणारच नाहीत. म्हणणं चुकीचं नाही. ज्वर मोजताना आपण शून्य अंशापासून बघत नाही, ९८ आणि १०२ मधला फरकच महत्त्वाचा असतो. बारीक फरक दाखवायचा तर खांब सोडून ठिपके किंवा रेघ वापरावी, कारण ठिपक्याची लांबी नसते, डोळा फक्त त्याची जागा बघतो. तिथे अक्ष ७ पासून सुरू केला तरी चालतं, फक्त आकड्यांची पट्टी स्वच्छ दिसायला हवी. या दुकानदारानं प्रत्येक वावराचा एक ठिपका असा आलेख लावला असता, वीस वावरं नेहमीच्या वाणाची आणि वीस नव्याची, तर एका नजरेत कळलं असतं की नव्याचे ठिपके खरंच वर आहेत की दोन्ही एकमेकांत मिसळलेत. तसा आलेख मला कुणी पाठवला तर मी अक्ष कुठून सुरू होतो ते फारसं बघणारही नाही.

तेव्हा सध्या असं करा. दुकानदाराला विचारा की दोन्ही आकडे किती वावरांचे, एकाच गावातले का, पेरणी एकाच आठवड्यातली का, आणि तोलताना ओलावा मोजला होता का. कंपनीच्या माणसाकडून वावरनिहाय आकडे आले तर ते मला पाठवा, मी ठिपके काढून देईन. आकडे नाहीतच असं उत्तर आलं, तर ज्यांना नवं वाण बघायचंच आहे त्यांनी एकच बॅग घ्यावी आणि एकाच वावरात, एकाच दिवशी, एक पट्टा नव्याचा, एक नेहमीचा, असे आलटून पालटून निदान चार-चार पट्टे पेरावेत. सगळे पट्टे सारख्याच तासांचे ठेवा, खत-फवारणी सारखीच द्या. धुऱ्याला लागून असलेली तासं मोजणीत धरू नका, तिथे पीक वेगळंच वाढतं. सोंगणी करताना प्रत्येक पट्ट्याची गंजी वेगळी लावा, मळणी वेगळी करा, सगळा माल सारखा वाळवून एकाच काट्यावर तोला. आठही वजनं लिहून ठेवा, सरासरी काढून मूळ वजनं फेकू नका. नव्याचे चारही पट्टे नेहमीच्या चारही पट्ट्यांपेक्षा वर निघाले तर पुढच्या खरिपाला ते वाण जास्त पेरायला हरकत नाही. दोन वर, दोन खाली असं झालं, तर सरासरी कितीही पुढे असली तरी अजून एक हंगाम थांबा.